अनुदान जुलैत, किराणा जूनमध्ये

मंजुरीपत्रात हप्त्याचा महिना एप्रिल असतो, पण पासबुकात तीन वर्षं तो जुलैत जमा झालेला दिसतो. रोखीच्या अंदाजपत्रकात पासबुकाचाच महिना धरावा.

समजा, एका वृद्धाश्रमाकडे १ एप्रिलला तीन लाख शिल्लक आहेत. दरमहा खर्च १,८०,००० आणि देणग्या ४०,०००, म्हणजे महिन्याला १,४०,००० ची तूट. एप्रिलअखेर १,६०,००० उरतात, मेअखेर २०,००० आणि जूनअखेर १,२०,००० कमी पडतात. हा खड्डा मार्चमध्येच दिसतो, तेव्हा किराणा दुकानदाराशी उधारीचं बोलता येतं, देणगीदारांना आधी विचारता येतं. दुसऱ्या प्रकल्पासाठी राखून दिलेला निधी मात्र शिलकीत धरू नका. तिथे संस्था फसू शकते. आणि दर महिनाअखेरीस बँकेतली खरी शिल्लक टाकून पुढचे महिने पुन्हा मांडा.