गिऱ्हाईक नेमके कुठे गळते?

ऑनलाइन दुकानात येणाऱ्या शंभरांपैकी बहुतेक जण काही न घेता निघून जातात. त्यात गैर काही नाही. बाजारपेठेतही नुसते बघून पुढे जाणारेच जास्त असतात. दुकानदाराला कळायला हवे ते हे, की कोण कोणत्या पायरीवरून परत फिरले. फनेल चार्ट हा हिशेब नरसाळ्याच्या आकारात मांडतो. सर्वांत वर भेट देणाऱ्यांची रुंद पट्टी असते. तिच्याखाली वस्तू पाहणाऱ्यांची, मग कार्टमध्ये टाकणाऱ्यांची, मग चेकआउट सुरू करणाऱ्यांची आणि तळाशी ऑर्डर पूर्ण करणाऱ्यांची अरुंद पट्टी येते.

चार्ट काढणे सोपे आहे. त्यामागचे आकडे नीट जमवणे कठीण. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये या पायऱ्यांच्या नोंदी ठरलेल्या नावांनी होतात: `view_item`, `add_to_cart`, `begin_checkout` आणि `purchase`. प्रत्येक पायरीवर माणसे मोजायची, क्लिक नव्हे. एकाच ग्राहकाने तीन जोड कार्टमध्ये टाकले तर नोंदी तीन होतात, पण माणूस एकच असतो. वर माणसे आणि खाली क्लिक मोजले, तर दोन पट्ट्यांची तुलनाच करता येत नाही.

समजा, कोल्हापुरी चपला विकणारे एक दुकान आहे आणि महिन्याभराचे त्याचे आकडे असे आहेत: भेट देणारे २०,०००, चपलेचे पान उघडणारे ९,०००, कार्टमध्ये टाकणारे १,४००, चेकआउट सुरू करणारे ७०० आणि ऑर्डर पूर्ण करणारे ४२०. हे आकडे एक्सेलमध्ये B2 ते B6 या घरांत भरून A स्तंभात पायऱ्यांची नावे लिहावीत. एक्सेल २०१९ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत `Insert` खाली `Funnel` हा चार्ट तयारच मिळतो. गूगल शीट्समध्ये आडव्या पट्ट्यांचा स्टॅक केलेला चार्ट घेऊन तोच आकार करता येतो. त्यासाठी प्रत्येक पट्टीच्या डावीकडे मोकळी जागा देणारा एक जादा स्तंभ लागतो आणि त्याचा रंग पारदर्शक ठेवायचा. शेजारी पायरीमागे टिकलेल्यांचे प्रमाण काढावे.

```
डावीकडची जागा (C2):     =(MAX($B$2:$B$6)-B2)/2
पायरीचे प्रमाण (D3):    =B3/B2
एकूण प्रमाण (E6):       =B6/$B$2
```

प्रमाणे अनुक्रमे ४५, १५.६, ५० आणि ६० टक्के येतात. वरपासून खालपर्यंत २.१ टक्के. संख्येने सर्वांत मोठी गळती पहिल्याच पायरीवर आहे, ११,००० जणांची. टक्केवारीने सर्वांत मोठी गळती पान उघडणे आणि कार्ट यांच्या मध्ये आहे. चार्ट पाहणाऱ्याचे डोळे या दोन ठिकाणीच खिळतात आणि इथेच घाई होते. पहिल्या पायरीवर गेलेल्यांत जाहिरातीवर चुकून बोट पडलेले, पत्ता शोधायला आलेले आणि यांत्रिक बॉटसुद्धा असतात. त्यांना थांबवण्याचा फारसा मार्ग नाही. चेकआउटपर्यंत पोचलेल्या ७०० जणांनी मात्र चप्पल निवडली, माप ठरवले, घ्यायचे जवळजवळ नक्की केले. तिथून गेलेले २८० जण आधी पाहावेत.

त्यासाठी त्या पायरीचे तुकडे करायचे. ७०० पैकी ५६० जण मोबाइलवर होते आणि १४० संगणकावर. चार्टनुसार मोबाइलवर ३१५ ऑर्डरी झाल्या, म्हणजे सुमारे ५६ टक्के. संगणकावर १०५ झाल्या, म्हणजे ७५ टक्के. दोष मोबाइलच्या पानावर टाकण्याआधी दुकानाची ऑर्डरवही उघडावी. समजा, तिथे महिन्याच्या ऑर्डरी ४७० निघाल्या. मग चार्टमध्ये न आलेल्या ५० कुठे गेल्या? ऑर्डर क्रमांक जुळवून पाहिले, तर त्या मोबाइलवरून यूपीआयने भरलेल्या निघाल्या. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये पैसे भरून ग्राहक तिथूनच बाहेर पडला, दुकानाच्या आभाराच्या पानावर परत आला नाही आणि त्या पानावर होणारी `purchase` ची नोंद राहून गेली. ऑर्डर खरी, गळती खोटी. याच्या उलटही घडते. आभाराचे पान ताजे केले की तीच ऑर्डर पुन्हा मोजली जाऊ शकते. नोंदीसोबत `transaction_id` म्हणून ऑर्डर क्रमांक पाठवला, तर ही दुबार नोंद ओळखता येते.

दुरुस्तीनंतर मोबाइलचा आकडा ३६५ होतो, प्रमाण ६५ टक्के. संगणकाशी दहा टक्क्यांचा फरक उरतो आणि तो खरा आहे. आता चेकआउटमध्ये पत्ता भरण्याची पायरी घालावी. तिच्यासाठी `add_shipping_info` ही नोंद आहे. समजा, मोबाइलवर ५६० पैकी ३९० जणांनी पत्ता पुरा केला आणि त्यातल्या ३६५ जणांची ऑर्डर झाली. संगणकावर १४० पैकी ११२ आणि त्यातल्या १०५ जणांची. पत्त्यानंतरचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास ९४ टक्के आहे. पैसे भरण्याच्या पानात मोबाइलपुरता वेगळा दोष नाही. सगळा फरक पत्त्याच्या अर्जात आहे: तिथे संगणकावर ८० टक्के टिकतात, मोबाइलवर ७० टक्केच. दुकानदाराने स्वतःच्या फोनवर तो अर्ज एकदा भरून पाहावा. पिनकोडसाठी आकड्यांचा कीबोर्ड उघडत नाही, खाते काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही, चूक झाली की भरलेले सगळे पुसले जाते, असे काहीतरी तिथे हमखास सापडते. मोबाइल संगणकाच्या बरोबरीला आला, तर ५५ ऑर्डरी वाढतील आणि जाहिरातीवर एक रुपयाही जास्त लागणार नाही.

क्रम मोडणारे ग्राहकही असतात. पानावर ‘आत्ताच घ्या’चे बटण असेल, तर काही जण कार्टला न शिवता थेट चेकआउटला पोचतात. खालची पट्टी वरच्यापेक्षा रुंद दिसली, तर पहिला संशय यावर घ्यावा. गूगल अ‍ॅनालिटिक्सचा फनेल एरवी पहिल्या पायरीपासून क्रमाने आलेल्यांनाच मोजतो. `Make open funnel` चालू केले की मध्येच शिरलेलेही त्यात येतात. दोन महिन्यांची तुलना करताना एका महिन्यात एक पद्धत आणि दुसऱ्यात दुसरी, असे होऊ देऊ नये. एकच माणूस दुपारी फोनवर चप्पल पाहतो आणि रात्री लॅपटॉपवर घेतो, तेव्हा लॉगिन नसेल तर तो दोन माणसे म्हणून मोजला जातो. फोनवरच्या गळतीतला काही भाग त्यामुळे भासाचाच असतो.

एकूण टक्केवारी घसरली म्हणजे दुकान बिघडले असेही नाही. नव्या जाहिरातीने भेट देणारे ३०,००० झाले आणि ऑर्डरी ४८० झाल्या, तर प्रमाण १.६ टक्क्यांवर येते, पण ऑर्डरी कमी झालेल्या नाहीत. नवे आलेले फक्त बघे आहेत. म्हणून जाहिरातीतून आलेल्यांचा आणि बाकीच्यांचा फनेल वेगवेगळा काढावा.

आपल्याकडे आणखी एक पायरी जोडावी लागते, कारण कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर नोंदली म्हणजे विक्री झाली असे होत नाही. दारात आलेले पार्सल ग्राहकाने नाकारले, तर जाण्यायेण्याचा खर्च सहसा दुकानावरच पडतो. समजा, ४७० पैकी ४० पार्सले अशी परत आली. तर चार्टमध्ये ऑर्डरीच्या खाली ‘पोचलेल्या’ अशी सहावी पट्टी हवी आणि नफ्याचा हिशेब ४७० वर नव्हे, ४३० वर करावा.