दडे बसण्याआधीची दहा मिनिटं

सर्दी झालेल्या माणसाला विमान वर जाताना सहसा फारसा त्रास होत नाही. कान जरा भरल्यासारखे होतात, आत ‘टक्’ असा आवाज येतो आणि मोकळं वाटतं. चला, निभावलं, असं म्हणून तो डोळे मिटतो. जाग येते ती कानात उठलेल्या कळीने. विमान तेव्हा उतरायला लागून बराच वेळ झालेला असतो. मग तो घाईघाईने आवंढे गिळतो, नाक दाबून जोर लावतो, पण दडे काही सुटत नाहीत. इलाज तेच असतात, त्यांची वेळ मात्र चुकलेली असते.

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटीशी पोकळी असते. तिच्यात हवा जायला-यायला एकच वाट आहे. सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीची ही युस्टेशियन नलिका नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. एरवी ती मिटलेली असते. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो.

विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असलं तरी आतला हवेचा दाब साधारण सात-आठ हजार फुटांवर असतो तेवढा राखलेला असतो. आठ हजार फूट म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या दीडपट उंची. विमान वर जाताना बाहेरचा दाब कमी होतो, पडद्यामागची हवा प्रसरण पावते आणि नलिका ढकलून आपली आपण बाहेर पडते. म्हणून चढताना निभावतं. उतरताना मात्र सगळं उलट होतं. बाहेरचा दाब वाढत जातो, पडदा आत खेचला जातो आणि हवा घशाकडून कानाकडे जावी लागते. ती आपोआप जात नाही, नलिका स्नायूंनीच उघडावी लागते. सर्दीत नलिकेचं अस्तर सुजलेलं आणि चिकट असतं, त्यामुळे ते काम आणखी अवघड होतं.

त्यातही एक मर्यादा आहे. रक्तदाबासारखाच हवेचा दाबही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. समुद्रसपाटीला तो ७६० असतो, आठ हजार फुटांवर सुमारे ५६५. पडद्याच्या दोन बाजूंमधला फरक साधारण ९० पर्यंत गेला की टाळूच्या स्नायूंना नलिका उघडणं जमत नाही. घट्ट लस्सी कागदी स्ट्रॉने ओढताना स्ट्रॉ चपटी होते आणि जितकं जास्त ओढावं तितकी ती जास्त मिटते, तसंच इथे घडतं. आत ओढणारा दाबच नलिकेचं तोंड घट्ट मिटवून ठेवतो.

हा आकडा विमानात केव्हा गाठला जातो? समजा, दिल्लीहून निघालेलं विमान संध्याकाळी साडेसातला मुंबईत उतरणार आहे. सातच्या सुमारास ते खाली येऊ लागतं. आतल्या हवेची ‘उंची’ मिनिटाला साडेतीनशे-चारशे फुटांनी कमी होते. सर्दीमुळे नलिका एकदाही उघडली नाही, तर आठ हजारांवरून चार हजारांवर येईपर्यंत, म्हणजे दहा-बारा मिनिटांत, तो ९० चा फरक तयार होतो. सव्वासातला जागा झालेला माणूस बंद दारावर धक्के देत बसतो. जे करायचं ते सात वाजल्यापासून करायला हवं.

म्हणून सर्दी असेल तर साडेसहाच्या आसपास तयारी सुरू करावी. आधी एकेक नाकपुडी दाबून दुसरी हलकेच शिंकरून मोकळी करावी. मग ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचा, नाक मोकळं करणारा फवारा वापरावा. मान किंचित पुढे झुकवून नळीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या रोखाने धरावं आणि हळूच श्वास आत घ्यावा. जोरात हुंगलं तर औषध सरळ घशात जातं. असर पाच-दहा मिनिटांत सुरू होतो आणि काही तास टिकतो. हा फवारा प्रवासापुरताच ठेवावा. तीन ते पाच दिवसांहून जास्त वापरला तर औषध उतरताच नाक आणखी चोंदू लागतं. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, गरोदरपण असेल, किंवा प्रवासी लहान मूल असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं, पण त्यावर विसंबू नये. तोंडाने घेतलेलं फेनिलेफ्रिन चोंदलेलं नाक मोकळं करत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये काढला.

सात वाजले की जागं राहायचं. झोपेत आपण फार कमी वेळा गिळतो. पाण्याचे घोट घ्यावेत, लिमलेटची गोळी चघळावी, मुद्दाम जांभया द्याव्यात. तान्ह्या बाळाला याच वेळी पाजावं. दर एक-दोन मिनिटांनी कानात ‘टक्’ होतंय का, याकडे लक्ष ठेवावं. होत नसेल तर तोंड मिटून, नाकपुड्या चिमटीत धरून, गाल न फुगवता नाकातून हलकेच हवा ढकलावी, तीही दोन-तीन सेकंदच. इटालियन शरीरशास्त्रज्ञ वाल्साल्वाच्या नावाने ही युक्ती ओळखली जाते. कान उघडला की थांबावं आणि थोड्या वेळाने पुन्हा करावं. ती उतरतानाच करायची, चढताना नाही, कारण तेव्हा आत आधीच हवा जास्त असते. आणि जोर अजिबात लावायचा नाही. त्याने नाकातला संसर्ग कानात जाऊ शकतो, क्वचित आतल्या कानाला इजाही होते.

उतरल्यावरही दडे राहिले तर घाबरू नये. गिळणं, जांभया चालू ठेवाव्यात. बहुतेकांचे कान काही तासांत, सर्दी जोरात असेल तर काही दिवसांत मोकळे होतात. मात्र घरी गेल्यावर कोणी कोमट तेल किंवा लसणाचं तेल कानात घालू लागलं तर नको म्हणावं. बिघाड पडद्याच्या मागे आहे, तेल तिथे पोहोचत नाही. आणि पडदा फाटलेला असेल तर तेच तेल आत जाऊन त्रास वाढवेल. असह्य दुखत असताना अचानक आराम पडला आणि कानातून पाणी किंवा रक्त आलं, तर पडदा फाटल्याची शंका घ्यावी. अशा वेळी कान कोरडा ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. ऐकू येणं एकदम कमी झालं किंवा गरगरू लागलं तर त्याच दिवशी जावं.

निघण्याआधी एक चाचणी घरीच करता येते. नाक शिंकरून, फवारा मारून, दहा मिनिटांनी वर सांगितल्याप्रमाणे नाक दाबून हलकी हवा ढकलून बघावी. दोन्ही कानांत ‘टक्’ झालं तर प्रवास बहुधा सुखाचा होईल. कान सर्दीने मोकळे होत नसतील तर वैमानिकही कामावर जात नाही. प्रवाशाचा एक कान तरी मुका राहिला, त्यात ताप असेल किंवा कान आधीच ठणकत असेल, तर जमल्यास तिकीट दोन-चार दिवस पुढे ढकलावं. नाही जमलं तर निघण्याआधी डॉक्टरांना कान दाखवून घ्यावा.