परिचयविनंतीची परीक्षा : नाशिकच्या द्राक्षव्यापारातील काही नमुने

लिंक्डइन या व्यावसायिक संकेतस्थळावर अनोळखी मनुष्याकडून येणारी ‘कनेक्शन रिक्वेस्ट’, म्हणजे परिचयविनंती, हा पत्रव्यवहाराचा एक नवा प्रकार होय. त्यासोबत दोनतीनशे अक्षरांची चिठ्ठी जोडता येते; पुष्कळदा तीही नसते. एवढ्या अल्प सामग्रीवरून ग्राहकाला ठरवावे लागते की पलीकडे खरा व्यापारी आहे, शेकडो लोकांना एकच मजकूर धाडणारा जाहिरातदार आहे, की फसवणुकीचा हेतू धरून बसलेला भामटा आहे. पिंपळगाव बसवंत, दिंडोरी, निफाड या भागांतील द्राक्षनिर्यातदारांना अशा विनंत्यांशी वारंवार गाठ पडते, आणि द्राक्षाच्या व्यापाराला स्वतःची अशी नेमकी परिभाषा असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकाला हे क्षेत्र विशेष सोयीचे आहे.

प्रारंभी एक प्रचलित समजूत बाजूला सारणे अवश्य आहे. अशुद्ध इंग्रजी म्हणजे भामटेगिरी आणि सफाईदार इंग्रजी म्हणजे विश्वासार्हता, असे अनेकांना वाटते. कॉर्मॅक हर्ली या संशोधकाने 2012 साली एका निबंधात असे प्रतिपादन केले की, फसव्या पत्रांतील ढोबळ अतिशयोक्ती ही लिहिणाऱ्याचे अज्ञान नसून त्याची चाळणी असते. सावध वाचक पहिल्याच वाक्याला हसून पत्र टाकून देतो. जो उत्तर देतो तोच पुढे पैसे देण्याचा संभव अधिक, म्हणून भामट्याचे श्रम वाचतात. हे खरे धरले तर गबाळा मजकूर हा एका जातीच्या फसवणुकीचाच विशेष ठरतो. दुसऱ्या जातीची फसवणूक मोजक्या, निवडलेल्या माणसांवर केली जाते व तिचा मजकूर निर्दोष असतो. उलट हॅम्बुर्गचा किंवा दुबईचा खरा व्यापारी घाईत तुटक, अशुद्ध इंग्रजी लिहितो. तेव्हा व्याकरण हा निकष टिकत नाही.

त्याऐवजी दोन प्रश्न उपयोगी पडतात. पहिला : हा मजकूर आणखी कोणाला जसाच्या तसा पाठविता आला असता काय? दुसरा : परिचय झाल्यावर ग्राहकाने कोणती कृती करावी अशी अपेक्षा आहे? पहिल्या प्रश्नाने जाहिरात वेगळी पडते, दुसऱ्याने फसवणूक. दोहोंची गल्लत केल्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात.

नमुन्यादाखल पहिली चिठ्ठी घेऊ. तिचा आशय असा : ‘आपला परिचय पाहून प्रभावित झालो. आमच्या देशात भारतीय शेतमालाला मोठी मागणी आहे. द्राक्षे, कांदा, साखर, तांदूळ बारमाही पाहिजेत. दरमहा 500 टन. दीर्घ मुदतीचा करार करू.’ यात ‘आपला परिचय’ हे शब्द आहेत, परंतु त्या परिचयातील एकही तपशील नाही. आणि जो तपशील आहे तो नाशिकला लागू पडत नाही. बागलाणातील लवकरची द्राक्षे सोडली तर नाशिकचा निर्यातीचा हंगाम साधारणतः जानेवारी ते एप्रिल असा असतो. द्राक्षे बारमाही मागणाऱ्याला एक तर द्राक्षाची माहिती नाही, किंवा माहिती असण्याची त्याला गरज वाटत नाही. साखर आणि द्राक्षे यांची एका श्वासात मागणी करणाराही असाच. एक कोरडा माल आहे, दुसरा शीतकंटेनरातून जाणारा नाशवंत माल. दोहोंचे खरेदीदार सहसा भिन्न असतात. ही चिठ्ठी लाच मागत नाही, पैसे मागत नाही, म्हणून तिला लगेच फसवणूक म्हणणे घाईचे होईल. ती बहुधा एखाद्या दलालाची आहे, जो शंभर जणांना एकच मजकूर धाडून कोण उत्तर देतो ते पाहतो. तिला उत्तर न देणे पुरेसे आहे.

आता दुसरी चिठ्ठी : ‘आपण थॉमसन पाठविता असे पाहिले. आठव्या ते बाराव्या आठवड्यासाठी रोटरडॅमला 18 मिलिमीटरच्या वरचा मणी हवा आहे, 500 ग्रॅमचे पनेट, दहा पनेटची पेटी. उर्वरित अंशांचा अहवाल आणि ग्लोबल गॅपचा क्रमांक पाठवाल का?’ येथे आदर नाही, स्तुती नाही, ‘दीर्घ मुदत’ नाही. परंतु प्रत्येक शब्द व्यापाराच्या आतला आहे. महिन्याऐवजी आठवड्याचा क्रमांक देणे ही युरोपीय फळबाजाराची रीत. मण्याचा व्यास, पनेटचे वजन यांवर तेथील भाव ठरतो. कीडनाशकांच्या उर्वरित अंशांची पृच्छा तर विशेष बोलकी आहे. 2010 च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षांची अडवणूक झाली होती व नाशिकच्या अनेक निर्यातदारांना जबर तोटा सोसावा लागला होता. तेव्हापासून तिकडचा जाणता खरेदीदार भावाच्या आधी अहवाल विचारतो. भावच आधी विचारणारा, किंवा कोणताही भाव विनातक्रार मान्य करणारा, संशयास पात्र ठरतो. घासाघीस ही खऱ्या व्यापाराची खूण आहे.

मात्र येथेच थांबणे धोक्याचे आहे. परिभाषा शिकता येते, उचलताही येते. ज्याने एकाच मनुष्याला गाठायचे ठरविले आहे तो त्याच्या धंद्याचे शब्द अगोदर गोळा करतो. नागपूर येथील ब्रह्मोस केंद्रातील एका तरुण अभियंत्यास 2018 च्या ऑक्टोबरात अटक झाली, त्या प्रकरणात हे स्पष्ट दिसले. खटल्यात पुढे आलेल्या माहितीप्रमाणे, एका स्त्रीच्या नावाने चालविलेल्या खात्यावरून त्याच्याशी लिंक्डइनवर संपर्क साधण्यात आला व ब्रिटनमधील विमानउद्योगात नोकरी देऊ करण्यात आली. देकार त्याच्या पात्रतेला साजेसा होता. पहिल्या प्रश्नाच्या कसोटीला तो उतरला असता. परंतु पुढे त्याला स्वतःच्या संगणकावर Qwhisper, Chat to Hire आणि X-Trust ही तीन उपयोजने बसविण्यास सांगितले गेले, आणि ती माहिती चोरणारी होती. या अभियंत्यास 2024 मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. 2025 च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याला हेरगिरीच्या आरोपांतून मुक्त केले आणि हयगयीबद्दलची तीन वर्षांची शिक्षा तेवढी कायम ठेवली. न्यायालयीन निर्णय काहीही असो, प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की विनंतीच्या शब्दांत दोष नव्हता. दोष पुढच्या मागणीत होता. नोकरी देणाऱ्याने उमेदवाराच्या संगणकावर अपरिचित उपयोजन चढविण्याचा आग्रह का धरावा, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही.

पुन्हा रोटरडॅमच्या चिठ्ठीकडे वळू, आणि ती कशी तपासावी ते पाहू. लिंक्डइनवर प्रत्येक खात्याविषयी ते कोणत्या महिन्यात उघडले, ही माहिती 2022 पासून पाहता येते. वीस वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याचे खाते दोन महिन्यांपूर्वी उघडलेले असेल तर थबकावे. जुने खाते मात्र निर्दोष समजू नये. खऱ्या माणसाची चोरलेली खातीही वापरात असतात. यानंतर पेढीचा करक्रमांक मागावा. नेदरलँड्सचा असा क्रमांक NL या अक्षरांनी सुरू होतो आणि युरोपीय संघाच्या VIES या विनामूल्य सेवेवर तो वैध आहे की नाही ते लगेच कळते; पेढीचे नाव व पत्ता प्रत्येक देश तेथे दाखवीत नाही, जर्मनी दाखवीत नाही. पेढी ब्रिटनमधील असेल तर Companies House या सरकारी नोंदवहीत तिची स्थापना केव्हा झाली, ती चालू आहे की विसर्जित, हे विनाशुल्क पाहता येते.

परंतु या सर्वांनी एवढेच सिद्ध होते की त्या नावाची पेढी अस्तित्वात आहे. लिहिणारा त्या पेढीचाच आहे, हे सिद्ध होत नाही. आणि धूर्त भामटा नेमका याच फटीतून शिरतो. तो खऱ्या पेढीचे नाव, खरा करक्रमांक, खरा पत्ता देतो. खोटा असतो तो फक्त ईमेलचा पत्ता. m या अक्षराच्या जागी r आणि n ही दोन अक्षरे जोडून लिहिली तर rn अशी जी आकृती होते ती बारीक टाइपात m सारखीच भासते. डोळा परिचित शब्द अक्षरशः वाचीत नाही, त्याची आकृती ओळखतो, हे वाचनप्रक्रियेच्या अभ्यासकांना नवे नाही. म्हणून पत्ता अक्षर अक्षर वाचावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे चिठ्ठीत दिलेल्या दूरध्वनीवर चौकशी करू नये. पेढीच्या जुन्या, प्रस्थापित संकेतस्थळावरून, किंवा त्या पेढीला पूर्वी माल पाठविलेल्या नाशिकच्याच दुसऱ्या निर्यातदाराकडून क्रमांक घ्यावा, स्वागतकक्षाला फोन करावा आणि अमुक गृहस्थ आपल्याकडे द्राक्षखरेदी पाहतात काय असे विचारावे. पाच मिनिटांचे हे काम बाकीच्या सर्व तपासण्यांहून निर्णायक आहे. खरा खरेदीदार याने रागावत नाही.

समजा, हा फोन न करता व्यवहार पुढे गेला. आठवडाभरात उत्तर येते : मागणी मंजूर झाली आहे, मात्र पुरवठादार म्हणून नोंदणीसाठी 850 युरो भरावे लागतील, पहिल्या देयकातून ते परत मिळतील, आणि यापुढे बोलणे व्हॉट्सॲपवर करू. या दोन वाक्यांत प्रश्नाचा निकाल लागतो. निर्यातीत पैसा खरेदीदाराकडून विक्रेत्याकडे वाहतो. प्रवाह उलटा झाला, मग त्याला नोंदणी म्हणा, आयातपरवाना म्हणा की वकिलाची फी म्हणा, तर कारण शोधीत बसण्याची गरज नाही. रक्कम मुद्दाम लहान ठेवलेली असते, कारण समोर काही लाखांच्या कंटेनराचे चित्र उभे केलेले असते. उलट प्रकारची युक्तीही आढळते : पैसे पाठविल्याचा पुरावा म्हणून बँकेच्या MT103 संदेशाची प्रत येते आणि माल तातडीने रवाना करण्याचा तगादा लागतो. असा कागद कोणालाही तयार करता येतो. आपल्या बँकेने रक्कम जमा झाल्याचे सांगितले म्हणजेच ती जमा झाली.

पैसे गेलेच तर 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी; रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठविता येणे हे सर्वस्वी वेळेवर अवलंबून असते.

एक मर्यादा मात्र या परीक्षेने ओलांडता येत नाही. चिठ्ठी खरी, पेढी खरी, मनुष्य खरा, आणि तरीही व्यवहार बुडीत, असे घडते. युरोपात जाणारी पुष्कळ द्राक्षे माल पोहोचल्यावर विक्री या बोलीवर जातात. मणी गळले, देठ सुकले, असे सांगून खरेदीदार निम्मा भाव कापतो, आणि हजारो कोसांवर पडलेला माल परत आणणे परवडत नाही. हा भामटेपणा आहे की व्यापार, हे कागदावरून सांगता येत नाही. अशा वेळी 1957 साली स्थापन झालेल्या निर्यात पत हमी महामंडळाकडे, म्हणजे ईसीजीसीकडे, विशिष्ट खरेदीदारावर विमा मागण्याचा मार्ग आहे. महामंडळ विमा देण्यापूर्वी त्या खरेदीदाराची पत तपासते, आणि किती रकमेपर्यंत जोखीम घेण्यास ते तयार आहे हे कळले की निर्यातदाराला पहिला कंटेनर पाठवावा की नाही याचा अंदाज येतो.