नाव आणि समोरचा घाट

नदीपलीकडे थेट समोरच्या घाटाला जाताना नावाडी नावेचे तोंड प्रवाहाच्या उलट, तिरके का धरतो? समजा, पात्र 200 मीटर रुंद आहे. संथ पाण्यात नाव मिनिटाला 50 मीटर जाते आणि प्रवाह 30 मीटर. तोंड काठाशी काटकोनात ठेवले, तर सगळा वेग ओलांडण्यास लागतो आणि 4 मिनिटांत पैलतीर येतो. याहून कमी वेळ शक्य नाही. पण नाव 120 मीटर खाली वाहत जाते. तोंड तिरके धरले, तर वेगाचा 30 मीटरचा घटक प्रवाहाला तोडतो आणि पायथागोरसच्या नियमाने ओलांडण्यास 40 उरतात. म्हणजे 5 मिनिटे, पण थेट घाटावर! पुरात प्रवाह 50 वर गेला, की मात्र कोणत्याही कोनाने समोर पोचता येत नाही.