काल्याचा महाप्रसाद : स्वयंसेवकांची पडताळणी

अखंड हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते आणि कीर्तन संपताच पंगती बसतात. सात दिवस शंभर-दीडशे पाने उठणाऱ्या गावात त्या दिवशी हजार-बाराशे माणसे जेवतात. एरवी घरचा स्वयंपाक करणारी माणसे एका दिवसापुरती आचारी होतात. त्यांच्या निष्ठेत उणीव नसते. उणीव असते ती वेळेच्या हिशेबात. फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे सप्ताहातील एकादशीच्या प्रसादानंतर दोनशेहून अधिक माणसांना उलट्या-जुलाबांचा त्रास झाला. खाटा अपुऱ्या पडल्याने झाडांना दोर बांधून, त्यांवर सलाईनच्या बाटल्या लटकावून उघड्यावर उपचार करावे लागले. अशा प्रसंगानंतर बहुधा धान्याला किंवा पाण्याला दोष दिला जातो. तो काही वेळा खराही असतो. परंतु अन्न शिजल्यापासून पानात पडेपर्यंत किती तास गेले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

हजार पानांचा स्वयंपाक वेळेवर होईल की नाही, ही धास्ती प्रत्येक गावात असते. म्हणून मध्यरात्रीच चुली पेटतात आणि पहाटे चारपर्यंत भात व आमटी तयार होऊन झाकली जाते. पंगत बसते दुपारी साडेबाराला आणि शेवटची उठते तीननंतर. म्हणजे तो भात अकरा तास पडून असतो. वरचा थर थंड झालेला दिसतो, पण मोठ्या पातेल्याच्या पोटात ऊब कित्येक तास टिकून राहते. ही ऊबच घातक होय. साधारण 60 अंश सेल्सिअसच्या खाली अन्न उतरले की त्यातील जंतू वाढू लागतात, आणि कोमट अन्नात ही वाढ सर्वांत झपाट्याने होते. भाताला व डाळीला चिकटून येणाऱ्या काही जंतूंची बीजे उकळीतही मरत नाहीत. भांडे कोमट होताच ती रुजतात. भातातील एका जंतूचे विष तर असे आहे की पुन्हा उकळी आणली तरी ते नष्ट होत नाही. तेव्हा ‘पंगतीआधी एकदा गरम करून घेऊ’ हा नेहमीचा उपाय भाताच्या बाबतीत खरा उपाय नव्हे. अन्नाला वास येत नाही, चव बदलत नाही, त्यामुळे चाखून पाहणाऱ्यालाही काही कळत नाही.

यावर उपाय एकच : पंगतीच्या वेळेपासून उलटे मोजत जाणे. हजार माणसांचे उदाहरण घेऊ. एका वेळी अडीचशे पाने, अशा चार पंगती. वाढणे, जेवणे व जागा झाडून घेणे यांस प्रत्येकी चाळीस मिनिटे धरली, तर पंगती 12.30, 1.10, 1.50 व 2.30 वाजता बसतील. भाकरी व भाजी असताना माणशी शंभर ग्रॅम तांदूळ पुरतो. म्हणजे पंगतीला 25 किलो. एवढ्या तांदळाला आधण ठेवण्यापासून भात मुरेपर्यंत एका भट्टीवर सुमारे तासभर लागतो. दोन भट्ट्या असल्या की काम सोपे होते. पहिल्या भट्टीवर 11.15 वाजता पहिला घाणा टाकावा, दुसरीवर 11.50 वाजता दुसरा. पहिली रिकामी होताच 12.30 वाजता तिसरा आणि दुसरीवर 1.10 वाजता चौथा. असे केल्यास कोणताही भात उतरल्यापासून पहिले पान वाढेपर्यंत अर्ध्या तासाच्या आतबाहेर राहतो. आणखी एक लाभ असा की, चौथा घाणा टाकण्यापूर्वी बाहेर किती माणसे उरली आहेत हे डोळ्यांनी मोजता येते. मंडपाच्या दाराशी एक शिक्षक किंवा शाळेतील मोठा विद्यार्थी मोजणीला बसवावा. त्याच्या आकड्यावरून चौथ्या घाण्यात 25 किलो टाकायचे की 10, ते ठरवावे. भात उरण्याचे व नासण्याचे निम्मे कारण येथेच संपते.

आमटीचे गणित वेगळे आहे. किलोभर तूरडाळ पंचवीस माणसांना पुरते, म्हणून हजारांना 40 किलो लागेल. ती एकाच प्रचंड पातेल्यात न शिजविता वीस-वीस किलोच्या दोन पातेल्यांत शिजवावी. साडेनऊला चढवून साडेअकरापर्यंत फोडणी द्यावी आणि त्यानंतर शेवटची पंगत उठेपर्यंत पातेले निखाऱ्यावरून उतरवू नये. आमटीवर वाफ सतत दिसली पाहिजे व कडेने बुडबुडे येत राहिले पाहिजेत. दांड्याचा तापमापक आता बाजारात माफक किमतीत मिळतो. तो पातेल्याच्या मध्यभागी बुडवून 60 च्या वर आकडा आहे ना, हे दर अर्ध्या तासाने पाहावे. पृष्ठभागावर लावून पाहण्यात अर्थ नाही. आमटीत चिंच, आमसूल किंवा टोमॅटो पडणार असेल, तर पितळी व तांब्याच्या भांड्यांना कल्हई आहे की नाही हे आदल्या दिवशीच तपासून घ्यावे. देवस्थानची जुनी भांडी वर्षातून एकदाच बाहेर निघतात. त्यांची कल्हई बहुधा उडालेली असते.

कोरड्या पदार्थांची चिंता करण्याचे कारण नाही. बुंदी आदल्या दिवशी पाडली तरी चालते. अनेक गावांत घरोघर भाकऱ्या भाजून त्या ट्रॅक्टरमधून एकत्र आणतात, ही पद्धत उत्तम आहे. मात्र गरम भाकऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. त्यांना घाम सुटून त्या ओशटतात. पाटीत धुतलेले कापड अंथरून आणाव्यात.

सप्ताहात एकादशी येत असेल तर भगरीकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. भगर ओलावा चटकन ओढून घेते आणि तिच्यावर बुरशी धरते. बुरशीचे विष शिजवून जात नाही. सुटी भगर किंवा गिरणीतून दळून ठेवलेले पीठ न घेता, बंद पाकिटातील, पॅकिंगची तारीख असलेली भगर घ्यावी व पक्की पावती जपून ठेवावी. निवडताना गुठळ्या, काळसर दाणे वा कुबट वास आढळल्यास ते पोते परत करावे. भगरीचा भातही तांदळाच्या भाताप्रमाणेच पंगतीच्या तासाभर आधी शिजवावा.

पाण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीने आपल्याकडे घ्यावी. टँकरचे पाणी कोठून भरले हे विचारून, एक हजार लिटरला 5 ग्रॅम टीसीएल पावडर या मापाने दहा हजार लिटरच्या टँकरला 50 ग्रॅम पावडर लागते. ती कोरडी टाकू नये. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळी टाकीत सोडावी व तासभर थांबावे. त्यानंतर जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी करवावी. पाणी पिवळसर झाले तर ठीक. रंग आला नाही तर पावडर जुनी आहे किंवा पाणी अधिक दूषित आहे असे समजून मात्रा पुन्हा द्यावी. पिण्याच्या पाण्याच्या पिंपात तांबे बुडवू देऊ नयेत. नळाची पिंपे वापरावीत.

आता वाढपी. त्या दिवशी ज्यांना जुलाब, उलट्या वा ताप आहे, ज्यांच्या हातावर पिकलेला फोड किंवा चिघळलेली जखम आहे, त्यांना अन्नाजवळ येऊ देऊ नये. हे सांगणे अवघड जाते, कारण वाढण्याचा मान असतो आणि तो घराण्याने चालत आलेला असतो. अशा मंडळींना पंक्ती बसविण्याचे, मोजणीचे वा देणगीच्या पावत्यांचे काम द्यावे. मात्र पावत्या व पैसे हाताळणारा माणूस मध्येच उठून वाढावयास लागणार नाही, हेही पाहावे. भात मुठीने न वाढता ताटलीने किंवा मोठ्या पळीने वाढावा. गोपाळकाला तर हातानेच कालवतात. तो कालवणाऱ्यांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत, पोहे-लाह्यांत ताजे दही घालून काला थोडा-थोडा करावा आणि तासाभरात वाटून संपवावा. हातावरच्या जंतूंचे विषही पुढे उष्णतेने जात नाही.

वाढप्यांच्या बादल्यांबाबत एक चूक हमखास होते. पंगत उठली की बादलीत राहिलेली आमटी पुन्हा मोठ्या पातेल्यात ओतली जाते. त्यामुळे उकळती आमटी निवते आणि पंगतीतून फिरून आलेले अन्न साऱ्या गावाच्या अन्नात मिसळते. बादलीतले आधी संपवावे, मगच ती भरून घ्यावी. उकळत्या आमटीची बादली अर्धी-पाऊण भरावी व भट्टीभोवती दोर बांधून मुलांना दूर ठेवावे.

कायद्याच्या बाजूने एवढे ध्यानात असावे की, अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 मध्ये अन्नव्यवसायाची व्याख्या नफ्यासाठी असो वा नसो, अशी केलेली आहे. म्हणून उत्सव समितीने अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे नोंदणीची चौकशी आधीच करावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला तारीख व अपेक्षित संख्या लेखी कळवावी. आरोग्य केंद्राला पूर्वसूचना असली की क्षारसंजीवनीची पाकिटे व सलाईन यांचा साठा तयार ठेवता येतो.

पहिल्या पंगतीपूर्वी प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना उकळत्या पाण्याने धुतलेल्या झाकणाच्या डब्यात काढून, त्यावर वेळ लिहून, शीतकपाटात दोन दिवस ठेवावा. कोणी आजारी पडल्यास तो वैद्यकीय अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावा. भीतीपोटी उरलेले अन्न पुरून टाकण्याची घाई करू नये, कारण मग कारण कधीच सापडत नाही. जेवणानंतर किती तासांनी त्रास सुरू झाला हेही प्रत्येकाचे लिहून घ्यावे. सहा तासांच्या आत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा अन्नात आधीच विष तयार झालेले असते. आठ-दहा तासांनी किंवा त्याहून उशिरा पोटात मुरडा व जुलाब सुरू झाले, तर कोमट राहिलेल्या डाळी-भाज्यांकडे संशय जातो.

शेवटची पंगत उठल्यावर स्वयंसेवक जेवतात, आणि नेमके तेच सर्वांत जुने अन्न खातात. त्यांच्यासाठी चौथ्या घाण्यातील भात बाजूला झाकून ठेवण्यापेक्षा त्यांना तिसऱ्या व चौथ्या पंगतीत निम्म्या-निम्म्याने बसवावे. त्यानंतर उरलेला भात व आमटी चार वाजेपर्यंत वाटून टाकावी, नेणाऱ्यास ‘आत्ताच खा, रात्रीला ठेवू नका’ असे स्पष्ट सांगावे, आणि जे उरेल ते जनावरांपुढेही ढिगाने न टाकता खतखड्ड्यात घालावे. घरी डब्यातून न्यावयास बुंदी व भाकरी द्यावी.