गच्चीवरची सावली आणि पॅनेलची जागा

गच्चीवर सौर पॅनेल कुठे बसवायची, हे हिवाळ्यातल्या सावलीवरून ठरवावं लागतं. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा जिन्याच्या खोलीची सावली तिच्या भिंतीबाहेर जवळजवळ पडतच नाही आणि सगळी गच्ची मोकळी वाटते. त्याच खोलीची सावली डिसेंबरात मात्र उत्तरेकडे दोन-अडीच मीटर पसरते. म्हणून उन्हाळ्यात पाहणी करून केलेली मांडणी सहा महिन्यांनी फसू शकते. ही सावली आधीच मोजता येते. त्यासाठी मीटर टेप, कॅल्क्युलेटर आणि आपल्या गावाचा अक्षांश एवढंच पुरतं.

थोड्याशा सावलीची इतकी काळजी घेण्याचं कारण पॅनेलच्या जोडणीत आहे. पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक, म्हणजे एकसरीत जोडलेले असतात. एका सेलवर सावली आली की त्याच सरीतून जाणारा प्रवाह अडतो. हा अडथळा वळसा घालून टाळता यावा म्हणून पॅनेलमध्ये साधारणपणे तीन बायपास डायोड असतात आणि एकेक डायोड पॅनेलचा एक-तृतीयांश भाग सांभाळतो. पण उभ्या बसवलेल्या पॅनेलच्या खालच्या कडेवर कठड्याची हातभर सावली आडवी पडली, तर ती तिन्ही भागांना एकाच वेळी गाठते. जुन्या धाटणीच्या पॅनेलची वीज अशा वेळी जवळजवळ बंद होते. आजकालच्या हाफ-कट पॅनेलमध्ये वरचा अर्धा भाग काम करत राहतो, तरीही निम्मं उत्पादन जातंच.

सावलीच्या लांबीचं मूळ सूत्र शाळेतल्या त्रिकोणमितीचं आहे:

सावलीची लांबी = अडथळ्याची उंची ÷ टॅन (सूर्याचा उन्नतांश)

उन्नतांश म्हणजे सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे तो कोन. वर्षातला सर्वांत कमी मध्यान्ह-उन्नतांश २१-२२ डिसेंबरला असतो. तो काढण्यासाठी ९० मधून गावाचा अक्षांश वजा करायचा आणि मग आणखी २३.४५ वजा करायचे. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश, म्हणून तिथे हा कोन ४८ अंश येतो. ४८ अंशांचा टॅन १.११ आहे. म्हणजे त्या दिवशी मध्यान्ही एक मीटर उंचीची सावली ९० सेंटिमीटर पडते. उंची फुटांत घेतली तरी प्रमाण तेच राहतं, उत्तर फक्त फुटांत येतं.

अनेक जण हिशेब इथेच थांबवतात आणि तिथेच चूक होते. मध्यान्हीची सावली ही त्या दिवसातली सर्वांत आखूड सावली असते. सकाळी आणि दुपारनंतर ती झपाट्याने लांबते. उगवत्या सूर्यापासून मावळत्यापर्यंत एकही सावली नको म्हटलं, तर गच्चीवर पॅनेलला जागाच उरणार नाही. म्हणून २१ डिसेंबरला सौर वेळेनुसार सकाळी ९ ते दुपारी ३ या काळात पॅनेलवर सावली येता कामा नये, अशी मर्यादा सर्रास धरली जाते. त्याआधी आणि त्यानंतर सूर्य इतका खाली असतो की दिवसाच्या एकूण विजेत त्या वेळेचा वाटा थोडा असतो. सौर वेळ आणि घड्याळ यांत मात्र फरक आहे. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. त्यामुळे २१ डिसेंबरला पुण्यातला खरा मध्यान्ह घड्याळात १२ वाजून ३३ मिनिटांच्या आसपास होतो. सौर ९ म्हणजे घड्याळातले साधारण साडेनऊ आणि सौर ३ म्हणजे साडेतीन.

या दोन्ही वेळांना पुण्यात सूर्य २९ अंशांवर असतो आणि सावली उंचीच्या १.७९ पट पडते. मात्र ती सरळ उत्तरेला पडत नाही. सकाळी सूर्य दक्षिणेपासून ४८ अंश पूर्वेकडे असल्याने सावली वायव्येकडे जाते, तर दुपारी ती ईशान्येकडे जाते. या तिरक्या सावलीचे दोन भाग पाडले की मांडणी सोपी होते. उत्तरेकडची पोच उंचीच्या १.१९ पट आणि पूर्व-पश्चिम पोच १.३३ पट. पुण्याच्या गच्चीसाठी हेच दोन आकडे लक्षात ठेवावेत. दक्षिणेच्या कठड्यापासून किती मागे यायचं ते १.१९ सांगतो. पूर्व आणि पश्चिमेच्या कठड्यापासून किती आत यायचं ते १.३३ सांगतो.

आता सूत्रात उंची कुठून मोजायची? गच्चीच्या फरशीपासून मोजली तर उत्तर विनाकारण मोठं येतं. पॅनेलची खालची कड फरशीपासून जितकी वर असेल, तितकी उंची अडथळ्याच्या उंचीतून वजा करायची. उरलेली उंचीच सावली टाकते.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. पुण्यातली एक गच्ची कठड्याच्या आतून पूर्व-पश्चिम १० मीटर आणि दक्षिणोत्तर ८ मीटर आहे. कठडा चहूबाजूंनी एक मीटर उंच आहे. जिन्याची खोली आग्नेय कोपऱ्यात आहे, तिची लांबी पूर्व-पश्चिम ४ मीटर, रुंदी दक्षिणोत्तर २.५ मीटर आणि उंची २.५ मीटर. पॅनेलची खालची कड फरशीपासून अर्धा मीटर वर ठेवायची आहे.

कठड्याची कामाची उंची १ वजा ०.५, म्हणजे अर्धा मीटर. दक्षिणेकडून ०.५ × १.१९, म्हणजे ६० सेंटिमीटर सोडायचे, आणि पूर्व-पश्चिमेकडून ०.५ × १.३३, म्हणजे सुमारे ६६ सेंटिमीटर. उत्तरेच्या कठड्याची सावली डिसेंबरात गच्चीबाहेर पडते. जूनमध्ये सूर्य पुण्याच्या उत्तरेला जातो, पण तेव्हा तो इतका उंच असतो की सकाळी ९ वाजताही दक्षिणेकडे उंचीच्या पाव पटीहून कमी सावली येते. त्या बाजूची काळजी जवळजवळ संपते.

जिन्याच्या खोलीची कामाची उंची २ मीटर आहे. उत्तरेकडे तिची सावली २ × १.१९, म्हणजे २.४ मीटर जाते. खोलीची उत्तरेची भिंत दक्षिण कठड्यापासून २.५ मीटरवर असल्याने सावलीची हद्द ४.९ मीटरवर येते. सकाळी हीच सावली पश्चिमेकडेही २.६५ मीटर सरकते. दुपारी ती पूर्वेकडे, गच्चीच्या बाहेर जाते, म्हणून त्रास सकाळचाच. हद्दीच्या उत्तरेला ८ वजा ४.९, म्हणजे ३.१ मीटर खोलीचा पट्टा कायम उन्हात राहतो. साधारण ५४० वॉटचं एक पॅनेल २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असतं. ते १५ अंश कलून उभं बसवलं तर जमिनीवर सुमारे २.२ मीटर जागा घेतं. दोन्ही बाजूंचे ६६ सेंटिमीटर सोडून उरलेल्या ८.६८ मीटर रुंदीत सात पॅनेलची एक ओळ बसते, म्हणजे पावणेचार किलोवॉटच्या थोडं वर.

इथे आराखड्यावर न दिसणारी एक गोष्ट पाहायला हवी, ती म्हणजे खोलीच्या छतावरची पाण्याची टाकी. चौथऱ्यासकट टाकी दीड मीटर उंच धरली तर तिचा माथा फरशीपासून ४ मीटरवर जातो आणि कामाची उंची ३.५ मीटर होते. तिची सावली उत्तरेकडे ४.१७ मीटर जाते. टाकी खोलीच्या उत्तर कडेला ठेवली असेल, तर सावली २.५ अधिक ४.१७, म्हणजे ६.६७ मीटरपर्यंत पोहोचते आणि सकाळी ओळीतल्या पॅनेलवर पडते. तीच टाकी दक्षिण कडेला आग्नेय कोपऱ्यात सरकवली आणि तिची उत्तर बाजू कठड्यापासून १.२ मीटरवर आली, तर हद्द ५.३७ मीटरवर थांबते. मग ओळ ४.९ ऐवजी ५.४ मीटरपासून सुरू करायची. ती ७.६ मीटरवर संपते आणि पॅनेल एकही कमी होत नाही. टाकी सरकवण्याचा खर्च नळजोडणी बदलण्यापुरता असतो. तो सांगाडा उभारण्याआधी करणं फार सोयीचं.

एकामागे दुसरी ओळ लावायची असेल तर पुढची ओळ हाच अडथळा धरावा. १५ अंश कललेल्या या पॅनेलची मागची कड पुढच्या कडेपेक्षा ५९ सेंटिमीटर उंच असते. १.१९ ने गुणलं की ओळींमध्ये ७० सेंटिमीटर अंतर निघतं.

हे सगळे आकडे भिंती अचूक दिशांना असल्याचं धरून आहेत. इमारत वळलेली असेल, तर आग्नेयेकडे तोंड असलेल्या कठड्यावर सकाळी ९ ला सूर्य जवळजवळ समोरून येतो आणि पूर्ण १.७९ पट सावली कठड्याच्या काटकोनात आत येते. दिशेची खात्री नसेल तर सरळ हाच आकडा वापरावा. स्लॅबमधल्या सळयांमुळे मोबाइलचं होकायंत्र गच्चीवर चकतं. खरी उत्तर काढायला ओळंब्यात धरलेली काठी बरी. मध्यान्ही तिची सर्वांत आखूड सावली पडते आणि डिसेंबरात त्या क्षणी ती थेट उत्तर दाखवते.

हिशेबाची पडताळणीही त्याच काठीने होते. पुण्यात २१ डिसेंबरला एक मीटर काठीची मध्यान्हसावली ९० सेंटिमीटर आणि साडेनऊला १.७९ मीटर भरायला हवी. संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं असं आपण म्हणतो, पण सूर्य तोवर तीन आठवड्यांपूर्वीच उत्तरेकडे वळलेला असतो. म्हणून १४ जानेवारीला मोजलेली मध्यान्हसावली ८४ सेंटिमीटरच्या आसपास येते. तिच्यावर मांडणी ठरवली तर कमी अंतर सोडलं जातं.

उत्तरेकडे जावं तसे गुणक वाढतात. नागपूरला उत्तरेकडची पोच १.३१ पट आणि पूर्व-पश्चिम पोच १.४१ पट होते. पणजीला त्या अनुक्रमे १.०७ आणि १.२५ आहेत. वरच्याच गच्चीसाठी जिन्याच्या खोलीची सावली नागपूरला २.६ मीटर जाईल, तर पणजीला २.१ मीटर.

जागा फारच अपुरी असेल तर सांगाडाच उंच करतात. खालची कड २ मीटरवर नेली की कठड्याचा प्रश्न मिटतो. जिन्याच्या खोलीची कामाची उंची अर्धा मीटर उरते आणि पुण्यात तिची सावली ६० सेंटिमीटरवर येते. टाकीची मात्र २ मीटर उंची शिल्लक राहते, म्हणून तिचा हिशेब टळत नाही. उंच सांगाड्यावर वाऱ्याचा जोरही जास्त बसतो, त्यामुळे खांब, त्यांचे पाये आणि स्लॅबमधली पकड हे सगळं अभियंत्याकडून वेगळं तपासून घ्यावं लागतं.