मावळतीचा हिशेब

गेममधलं दुपारचं आकाश सोपं असतं, निळा रंग भरला तरी बहुतेकांचं भागतं. खरी परीक्षा सूर्य कलल्यावर सुरू होते. पूर्वी सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र अशी चार-पाच आकाशं रंगवून एकातून दुसरं हळूहळू उमटवत. सूर्य जरा इकडेतिकडे सरकला किंवा हवा धुरकट झाली, की ते चित्र खोटं पडे. आता बरेच मोठे गेम आकाश रंगवत नाहीत, त्याचा हिशेब करतात.

हिशेबाचं मूळ शाळेत शिकलेलंच आहे. हवेचे रेणू निळा प्रकाश लालपेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. सूर्य डोक्यावर असताना त्याच्या निळ्या प्रकाशातला साधारण 77 टक्के आणि लाल प्रकाशातला 95 टक्के सरळ जमिनीवर पोहोचतो. क्षितिजावरच्या सूर्याच्या किरणाला सुमारे 38 पट हवा ओलांडावी लागते. मग लाल 17 टक्के उरतो आणि निळा पंचवीस हजारांत जेमतेम एक भाग. धूळ तर यात धरलेलीच नाही. सूत्र बरोबर मांडलं की तांबडी मावळती वेगळी रंगवावी लागत नाही.

अडचण खर्चाची आहे. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी नजरेच्या रेषेवर, समजा, 16 ठिकाणी थांबायचं. तिथे किती ऊन पोहोचतं हे कळायला प्रत्येक ठिकाणाहून सूर्याच्या दिशेने आणखी 8 थांबे. 1920 गुणिले 1080 ठिपक्यांच्या पडद्याला हे एका चित्रासाठी साडेसव्वीस कोटी वेळा करावं लागेल. सेकंदाला 60 चित्रं हवीत, म्हणजे एका चित्राला मिळतात 16.6 मिलिसेकंद, आणि त्यात झाडं, माणसं, सावल्या सगळंच आलं.

2008 मध्ये ब्रुनेटन आणि नेरे या संशोधकांनी सूर्याच्या सगळ्या स्थितींची उत्तरं आधीच कोष्टकात भरून ठेवली. दिवस त्यामुळे फुकटात फिरू लागला, पण हवेत धूळ वाढवायची तर पूर्ण कोष्टक नव्याने मांडणं आलं. 2020 मध्ये ‘अनरिअल’ इंजिनासाठी काम करणाऱ्या सेबास्तियां हिलेर यांनी वेगळा मार्ग काढला. आकाशाचा रंग एका टोकाकडून दुसऱ्याकडे सावकाश बदलतो, मग प्रत्येक ठिपका मोजायचा कशाला? दर चित्राला 200 गुणिले 100 घरांचं छोटं आकाश मोजायचं आणि तेच पडद्यावर ताणायचं. ऊन किती पोहोचतं हे दुसऱ्या तयार कोष्टकातून वाचायचं. घरामागे 30 थांबे धरले तरी काम सहा लाखांवर येतं, म्हणजे चारशेहून जास्त पटींनी कमी. सूर्याची कडा धारदार हवी, म्हणून तबकडी तेवढी वेगळी काढतात.

ही काटकसर क्षितिजाशी अंगाशी येऊ शकते, कारण तिथे रंग झरझर बदलतो. घरं समान अंतरावर ठेवली तर आडवे पट्टे दिसतात. म्हणून ती क्षितिजाजवळ दाट आणि डोक्यावर विरळ ठेवतात. खेळाडू अवकाशात गेला की छोटं आकाश अपुरं पडतं आणि पुन्हा ठिपक्यागणिक मोजणं भाग पडतं. पुन्हापुन्हा विखुरलेल्या प्रकाशासाठी हिलेर मानतात, की तो सगळ्या दिशांना सारखा पसरतो. मग अनंत फेऱ्यांची बेरीज भूमितीश्रेढीने एका भागाकारात उरकते. हवा फारच दाट केली तर रंग भरकटतो, पण पृथ्वीसारख्या हवेत तो फरक डोळ्याला जाणवत नाही.

एक काटकसर मात्र मला मान्य नाही, ती ओझोन गाळण्याची. सूर्य बुडाल्यावरही माथ्यावरचं आकाश गडद निळं राहतं, ते मुख्यतः ओझोन नारिंगी-पिवळा प्रकाश शोषतो म्हणून. एडवर्ड हलबर्ट यांनी हे 1953 मध्ये दाखवलं. ओझोन वगळला की संधिप्रकाश पिवळट, मळका होतो, आणि घालायचा तर सूत्रात एक पद वाढतं, इतकंच.

अचूकता सोडायची ती घड्याळात. ‘माइनक्राफ्ट’चा दिवस 20 मिनिटांचा आहे, खऱ्यापेक्षा 72 पट वेगवान. त्या वेगाने सूर्य दोन सेकंदांच्या आत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, आणि आपल्याकडे सव्वा तासाच्या आसपास चालणारा संधिप्रकाश मिनिटाभरात संपेल. म्हणून मावळतीला सूर्य मुद्दाम रेंगाळता ठेवणं वाजवीच. रात्रीचंही तसंच. पौर्णिमेचं चांदणं दुपारच्या उन्हापेक्षा लाखो पटींनी मंद, ते जसंच्या तसं दाखवलं तर खेळाडूला पायाखालचा खड्डाही दिसणार नाही.

वेगाचा आणखी एक तोटा लगेच ध्यानात येत नाही. आकाशाकडून भिंतींवर पडणारा मंद उजेड दर चित्राला मोजणं महाग, म्हणून तो अनेक चित्रांत वाटून हप्त्याहप्त्याने मोजतात. खेळाचं घड्याळ मुद्दाम जोरात पळवून बघा: आकाश तांबडं होतं आणि भिंती क्षणभर मागच्याच उजेडात राहतात. वीस मिनिटांच्या दिवसात हे खपून जातं. खेळाडू झोपून एकदम सकाळ करतो तेव्हा खपत नाही. तिथे मधे काळा पडदा टाकला, की तेवढ्या वेळात उरलेले हप्ते फिटतात.